सीटीसी सहा लाख, हातात किती?



मागच्या महिन्यात आपल्या गटावर मी आठ स्लाइडचा एक कॅरोसेल टाकला होता. पगाराबद्दल कसं बोलावं, कोणतं वाक्य कधी वापरावं, असा. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "भाई, वाक्य ठीक आहे, पण आकडा कोणता सांगायचा?" म्हणून आज त्याच स्लाइड घेऊन बोलतो. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. तिसऱ्या स्लाइडवर बराच थांबेन, काही नुसत्या वाचून पुढे जाईन.

आधी माझी फजिती. पहिल्या नोकरीच्या वेळी एचआरच्या बाईंनी फोनवर विचारलं, "अपेक्षा किती?" घरी शिकवलेलं होतं की मोठ्यांसमोर पैशाचं तोंड उघडायचं नाही. मी म्हणालो, "मॅडम, आपल्याला योग्य वाटेल ते." त्यांना जे योग्य वाटलं ते त्यांनी दिलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. सहा महिन्यांनी कळलं की माझ्याच टीममध्ये, माझ्याच बॅचचा एक मुलगा वर्षाला ७० हजार जास्त घेतो. त्याने काही भांडण केलेलं नव्हतं. त्याने एक प्रश्न विचारला होता, आणि मी विचारला नव्हता. आज मी स्वतः मुलाखती घेतो. ज्या ज्या टीमसाठी घेतल्या तिथे पदाला एक बँड होता, म्हणजे किमान ते कमाल अशी रक्कम, आणि पहिली ऑफर त्या कमाल रकमेवर क्वचितच असायची.

स्लाइड १. पहिल्या फोनवर एचआर अपेक्षा विचारते. तेव्हा तुम्हाला काम नीट माहीत नसतं आणि बँडही माहीत नसतो. स्लाइडवरचं वाक्य असं आहे:

"मॅडम, कामाचं स्वरूप अजून नीट समजून घेतोय. या पदासाठी आपण साधारण कोणती रेंज ठरवली आहे, ते सांगू शकाल का?"

निम्म्या वेळा रेंज सांगतात. नाही सांगितली आणि पुन्हा विचारलं, तर टाळाटाळ करू नका, ते उर्मट वाटतं. एक रेंज सांगा, आणि तिचा खालचा आकडा असा ठेवा की तेवढंच मिळालं तरी तुम्ही खुशीने जाल. कारण ऐकणाऱ्याच्या कानात खालचाच आकडा राहतो. सध्याचा पगार विचारला तर खरा सांगा. सॅलरी स्लिपा मागतात, नंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, आणि फुगवलेला आकडा तिथे उघडा पडला की आलेली ऑफरही जाते. खरा सांगून पुढे जोडा: "पण सध्याचं काम मॅन्युअल टेस्टिंगचं होतं, हे ऑटोमेशनचं आहे, त्यामुळे या पदाच्या रेंजप्रमाणे विचार व्हावा."

टेस्टिंगचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. मिरजेची माझी मामेबहीण पुण्यात एका छोट्या कंपनीत दोन वर्षं टेस्टर होती. मामा आयुष्यभर गाडी चालवत आले, घरात पगाराची स्लिप पाहिलेलं कोणी नाही. सीटीसी ४ लाख २० हजार. तिला ६ लाखांची ऑफर आली. फोनवर रडायलाच लागली आनंदाने. मामा म्हणाले, "बेटा, अल्लाहने दिलंय, आता आणखी मागून नाट लावू नकोस." मी तिला विचारलं, "हो म्हणालीस का?" म्हणाली, "अजून नाही भाई, उद्या सांगते म्हटलंय." इथे दुसरी स्लाइड येते.

स्लाइड २. "खूप आभार. ऑफर मिळाल्याचा मनापासून आनंद झाला. सीटीसीचं सविस्तर ब्रेकअप मेलवर पाठवाल का? दोन दिवसांत पाहून कळवते."

यात आनंद आहे, आभार आहेत, पण होकार नाही. फोनवर एकदा "हो, चालेल" म्हणून गेलं की पुढचं सगळं बोलणं शब्द फिरवल्यासारखं वाटतं. बोलायची जागा एवढीच असते: त्यांनी तुम्हाला निवडलंय, आणि तुम्ही अजून होकार दिलेला नाही. निवडीच्या आधी बोलाल तर ते दुसऱ्याकडे वळतील, होकारानंतर बोलाल तर त्यांना बदलायचं कारणच उरत नाही. आणि लेखी ऑफर हातात येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नका. फोनवरच्या अभिनंदनावर राजीनामा दिलेली आणि मग दोन महिने घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

स्लाइड ३. ही माझी आवडती. हिच्यावर एकच वाक्य आहे: "यातला फिक्स्ड भाग किती, व्हेरिएबल किती, आणि महिन्याला हातात साधारण किती येतील?"

आता बहिणीचं ब्रेकअप बघू. गोल केलंय, पण हिशेब खरा आहे.

सहा लाखांत १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे ६० हजार. हे वर्षाच्या शेवटी, कंपनीचा आणि तुमचा निकाल पाहून मिळतात. पूर्ण मिळतील, अर्धे मिळतील, एखाद्या वर्षी काहीच नाही. बेसिक पगार सीटीसीच्या निम्मा, ३ लाख, म्हणजे महिना २५ हजार. त्यावर कंपनी आपल्या बाजूने १२ टक्के पीएफ भरते, महिना ३ हजार, वर्षाला ३६ हजार. हे सीटीसीतच धरलेले असतात. मग ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के, १४,४३० रुपये. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं काढल्यावर मिळते, पण सीटीसीत पहिल्या दिवसापासून मोजलेली असते. आणि आरोग्य विम्याचा हप्ता ९,५७० रुपये. या चार गोष्टींची बेरीज बरोबर १ लाख २० हजार.

उरले ४ लाख ८० हजार, महिना ४० हजार. हा ग्रॉस. त्यातून तुमच्या बाजूचा पीएफ ३ हजार आणि महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये जातो. नव्या करपद्धतीत या पगारावर सध्या इन्कम टॅक्स लागत नाही. हातात आले ३६,८०० रुपये.

बहिणीने सहा लाखांना बाराने भागलं होतं. तिच्या डोक्यात ५० हजार होते. त्या पन्नास हजारांवर ती कोथरूडमधली खोलीही बघून आली होती.

आता तिची जुनी नोकरी बघा. तिथे व्हेरिएबल नव्हतं, ग्रॅच्युइटी सीटीसीत धरलेली नव्हती, आणि पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी १,८००. तिला हातात ३१,२०० मिळत होते. म्हणजे सीटीसी ४३ टक्क्यांनी वाढला, पण हातातले पैसे १८ टक्क्यांनी, महिना ५,६०० रुपयांनी. खोलीचं भाडं वाढणार होतं, ऑफिस लांब गेल्याने गाडीचं पेट्रोल वाढणार होतं.

कंपनीने फसवलं का? नाही. पीएफचे पैसे तिचेच आहेत, आणि नव्या ठिकाणी दोन्ही बाजूंनी मिळून महिना ६ हजार जमा होतील, जुन्या ठिकाणी ३,६०० होत होते. विमा आहे, तोही कामाचा. व्हेरिएबलही बहुतेक थोडंफार मिळेल. पण दोन ऑफरची तुलना करताना सीटीसीला सीटीसी लावून चालत नाही. फिक्स्डला फिक्स्ड आणि हातातल्याला हातातले, असंच लावायचं. आणि मागायचं तेही फिक्स्डमध्ये. तुम्ही "थोडं वाढवा" म्हणालात आणि त्यांनी व्हेरिएबल वाढवून सीटीसी फुगवला, तर त्यांनी तुमचं ऐकलं आणि तुमच्या हातात काहीच आलं नाही, असं होतं. जॉइनिंग बोनसचंही तसंच. तो एकदाच मिळतो, आणि बहुतेक पत्रांत एक वर्षाच्या आत सोडलं तर परत करायची अट असते.

स्लाइड ४ आकडा कसा काढायचा याची आहे. ज्यांच्या घरात, मोहल्ल्यात आयटीवाले भरपूर आहेत त्यांना हा आकडा जेवताना कानावर पडतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो शोधावा लागतो. "तुमचा पगार किती?" असं विचारू नका, माणूस अवघडतो. कॉलेजच्या सीनियरला असं विचारा: "दोन वर्षांच्या ऑटोमेशन टेस्टरला पुण्यात साधारण फिक्स्ड किती मिळायला हवं?" स्वतःबद्दल न बोलता त्याला उत्तर देता येतं. असे तीन जण विचारा, एकावर विसंबू नका. बहिणीला तिघांकडून साडेपाच ते साडेसहा लाख फिक्स्ड असं उत्तर आलं. तिच्या ऑफरमध्ये फिक्स्ड होतं ५ लाख ४० हजार. आम्ही ६ लाख फिक्स्ड मागायचं ठरवलं: रेंजच्या आत, पण मधोमध.

त्यासोबत एक कारण लागतं, आणि ते कामाचं लागतं. तिने जुन्या कंपनीत १४० रिग्रेशन टेस्ट सेलेनियम आणि जाव्हामध्ये लिहिल्या होत्या. आधी प्रत्येक रिलीजला दोन दिवस हाताने तपासणी चालायची, ती चार तासांवर आली. हे सांगण्यासारखं आहे. तिला आधी सांगायचं होतं की अब्बूंचं डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि धाकट्याची फी भरायची आहे. दोन्ही खरं होतं. पण एचआरच्या कागदावर ते कुठे लिहिणार? तिला वर जाऊन मंजुरी घ्यायची असते, आणि तिथे "१४० टेस्ट, दोन दिवसांचे चार तास" हे लिहिता येतं.

स्लाइड ५, म्हणजे प्रत्यक्ष मागणी:

"ऑफरबद्दल मनापासून आभार, मला इथे यायची इच्छा आहे. ब्रेकअप पाहिलं. माझा ऑटोमेशनचा अनुभव आणि या पदाची बाजारातली रेंज पाहता फिक्स्ड भाग ६ लाख होऊ शकेल का?"

इंग्रजीत बोलायचं असेल तर लांब वाक्यात अडकू नका. "इज देअर एनी फ्लेक्झिबिलिटी ऑन द फिक्स्ड पार्ट? आय वॉज होपिंग फॉर सिक्स लॅक्स फिक्स्ड." इतकंच पुरे.

आणि मग गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे. पलीकडे शांतता पसरली की आपल्याला वाटतं, बाई चिडल्या. मग आपणच बोलतो, "नाही जमलं तरी चालेल मॅडम, मी सहज विचारलं." स्वतःच मागितलेलं स्वतःच परत घेतो. त्या बहुतेक वेळा समोरच्या एक्सेलमध्ये बँड बघत असतात. त्यांना बघू द्या.

एक प्रश्न तुमच्यातल्या काहींनी मला खासगीत विचारला, म्हणून इथे सांगतो. "आकडा कमी आला, तो माझ्या नावामुळे तर नसेल?" एका ऑफरवरून ते ओळखता येत नाही, आणि कधीच तसं नसतं असंही मी म्हणणार नाही. पण "या पदाचा बँड काय, आणि माझी ऑफर त्यात कुठे बसते?" असं विचारलंत, की बोलणं तुमच्यावरून पदावर येतं. मग उत्तरही पदाबद्दलच द्यावं लागतं.

बहिणीचं पुढे काय झालं? एचआरने दोन दिवसांनी फोन केला. ६ लाख फिक्स्ड बसत नाही, सीटीसी ६ लाख ५० हजार करतो, त्यात फिक्स्ड ५ लाख ८५ हजार. तिने लगेच तिसऱ्या स्लाइडची बेरीज केली. ग्रॉस महिना ४३,४००, पीएफ ३,२५०, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात ३९,९५०. म्हणजे एका फोनने महिना ३,१५० रुपये वाढले. पुढची प्रत्येक टक्केवारीची वाढ या आकड्यावर बसणार.

स्लाइड ६ "नाही" ऐकल्यानंतरची आहे. एकदा मागणी केली, त्यांनी एकदा मध्यावर आणली, की पैशासाठी पुन्हा ताणू नका. मी मुलाखती घेतो त्या बाजूने सांगतो, तिसऱ्या फेरीला टीमचा मॅनेजर वैतागतो, आणि सोमवारपासून तुम्हाला त्याच्यासोबतच काम करायचं असतं. पैशाऐवजी एक गोष्ट विचारा. बहिणीच्या बाबतीत ती अशी सापडली: कंपनीत वाढ एप्रिलमध्ये होते, पण ३० सप्टेंबरनंतर रुजू झालेल्यांना त्या एप्रिलमध्ये धरत नाहीत. तिचा नोटीस पीरियड ६० दिवसांचा, म्हणजे ती नोव्हेंबरात येणार. पहिली वाढ जवळजवळ दीड वर्षाने. हे तिला कोणी लपवून ठेवलं नव्हतं. पॉलिसीत होतं, पण विचारल्याशिवाय सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिने लिहिलं:

"सुधारित ऑफरबद्दल आभार. मी नोव्हेंबरमध्ये रुजू होत असल्याने पुढच्या एप्रिलच्या सायकलमध्ये प्रो-रेटा वाढीसाठी माझा विचार होईल का? होत असल्यास तसं मेलवर कळवाल का?"

त्यांनी हो म्हटलं, आणि मेलवर कळवलं. मेलवर हे महत्त्वाचं. तोंडी शब्द देणारा माणूस एप्रिलपर्यंत दुसऱ्या कंपनीत गेलेला असू शकतो.

शुक्रवारच्या नमाजचंही अनेकांनी विचारलं. ते पगाराच्या बोलण्यात मिसळू नका, नाहीतर ती सवलत आणि त्याची किंमत, असं काहीतरी डोक्यात बसतं. ऑफर पक्की झाल्यावर मॅनेजरला साधं सांगा: "शुक्रवारी एक ते दोन या वेळेत मी जेवणाची सुट्टी घेईन, त्या वेळी मीटिंग नसावी अशी विनंती." मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. क्लायंटचा कॉल असला तर मी आधी सांगून वेळ बदलून घेतो.

स्लाइड ७ फ्रेशर्ससाठी आहे. कॅम्पसमधून शेकड्याने भरती करणाऱ्या मोठ्या कंपन्यांत सगळ्यांना एकच पॅकेज असतं. तिथे हे सगळं लावून बघाल तर उगाच हिरमोड होईल. तिथे पैशाऐवजी कागद वाचा. बाँड आहे का, किती महिन्यांचा, सोडल्यास किती भरायचे, ट्रेनिंगमध्ये पगार पूर्ण की स्टायपेंड, शहर कोणतं. वाक्य: "सर्व्हिस ॲग्रीमेंटचा मसुदा सही करण्याआधी वाचायला मिळेल का?" मूळ मार्कशीट तपासायला दाखवा, ठेवायला देऊ नका. आणि नोकरीसाठी डिपॉझिट मागणारा कोणीही असो, तिथून उठून या.

दुसऱ्या कंपनीची ऑफर नसताना "माझ्याकडे ७ लाखांची ऑफर आहे" असं सांगायचा सल्ला तुम्हाला यूट्यूबवर मिळेल. मी तो देत नाही. खोटं आहे हे एक, आणि "पत्र दाखवा" म्हणाले की संपलं हे दुसरं. खरी ऑफर असेल तर नाव न घेता आकडा सांगा, आणि सोबत हेही सांगा की तुम्हाला यांच्याकडेच यायला जास्त आवडेल. तसं वाटत असेल तरच.

स्लाइड ८. होकार: "सुधारित ऑफर मान्य आहे. अमुक तारखेला रुजू होईन. आपण वेळ देऊन माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार." नकार: "विचार करून मी ही ऑफर स्वीकारू शकत नाही असं ठरवलं आहे. आपल्या टीमशी बोलून खूप शिकायला मिळालं." नकाराचा मेल त्याच दिवशी पाठवा, कारण तुमच्यासाठी अडवलेली जागा दुसऱ्या कुणाची तरी असते.

मामांना बहिणीने नंतर स्लिप दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "हा प्रोफेशनल टॅक्स म्हणजे काय गं?" त्याचं उत्तर तिला येत नव्हतं, मग मला फोन आला.

ज्यांनी आपली ऑफर लेटर सोबत आणली आहेत त्यांनी मोबाइलवर उघडा. नाव आणि कंपनी झाका, आकडे तेवढे ठेवा. कागद-पेन मी आणलेत. एकेकाचं हातात किती येतं ते काढू.